ग्रँट प्रपोजल एडिट करताना तीन रकान्यांचा तक्ता : काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्रजी सुधारण्याआधी एक तक्ता करायचा: उद्दिष्ट, पद्धत, खर्च. प्रपोजलमधलं प्रत्येक उद्दिष्ट एका ओळीत, त्याच्यासमोर ते गाठायची पद्धत आणि तिला लागणारा खर्च. काही महिने विज्ञानाची प्रपोजलं अशीच एडिट केल्यावर मत पक्कं झालंय: भाषेला हात लावायचा तो यानंतरच.

नमुन्यादाखल यवतमाळमधल्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडचं प्रपोजल घेऊ. उद्दिष्ट ‘टु स्टडी वॉटर क्वालिटी’ असं असेल, तर पुढचा रकाना भरताच येत नाही, कारण काय मोजल्यावर काम झालं म्हणायचं तेच कळत नाही. ‘४० विहिरींपैकी किती विहिरींत फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर जातं आणि पावसाळ्यानंतर त्यात काय फरक पडतो’ असं लिहिलं की पद्धत आपोआप येते: ४० विहिरी, पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन वर्षं, म्हणजे १६० नमुने. प्रत्येकाची तीनदा मोजणी, म्हणजे ४८० वाचनं.

खरी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. ‘केमिकल्स आणि ग्लासवेअर, ३ लाख’ यावर परीक्षकाला विश्वास ठेवायला काहीच आधार नसतो. फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजताना २५ मिलि नमुन्यात तेवढंच टिसॅब, म्हणजे नमुन्याचा पीएच आणि आयनांचं प्रमाण सारखं ठेवणारं बफर, घालतात. ४८० वाचनांना १२ लिटर. रोज १० नमुने धरले तर मोजणीचे १६ दिवस. इलेक्ट्रोड पडताळायला रोज लागणाऱ्या, फ्लोराइडचं प्रमाण माहीत असलेल्या पाच स्टँडर्ड द्रावणांना मिळून आणखी २ लिटर. जस्टिफिकेशनमध्ये हा १४ लिटरचा हिशेब दोन वाक्यांत मांडायचा आणि पुढे कोटेशनचा दर. रक्कम तीच राहिली, तरी वाचणाऱ्याला ती तपासता येते.

सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात: पद्धतीत ४० विहिरी आणि प्रवासखर्चात जुन्या मसुद्यातल्या ६०. आकडा एका ठिकाणी बदलला की तो आणखी कुठे आहे ते `Ctrl+F` ने शोधायचं. त्याच खिडकीत `will be` टाकून पाहावं. ‘सॅम्पल्स विल बी कलेक्टेड’ या वाक्यात कोण, कधी, किती, हे तिन्ही गायब असतं. तिथे ‘द जेआरएफ विल कलेक्ट’ केलं की जेआरएफचं, म्हणजे प्रकल्पावरच्या ज्युनिअर रिसर्च फेलोचं, मानधन कशासाठी मागितलंय तेही सांगून होतं. शिवाय ‘वेल’, ‘साइट’, ‘लोकेशन’ असे आलटून पालटून शब्द वापरू नयेत. शाळेच्या निबंधात ते शोभतं, पण इथे परीक्षकाला त्या तीन वेगळ्या जागा वाटतात.

तक्त्याची मर्यादाही आहे. एखादं उपकरण दोन उद्दिष्टांना लागत असेल तर त्याची किंमत दोनदा धरली जाते. अशा वेळी रक्कम पहिल्याच ओळीत ठेवून दुसऱ्या ओळीत नुसता उल्लेख करावा. सैद्धांतिक गणितासारख्या विषयात, जिथे खर्च जवळजवळ सगळा माणसांचा असतो, तिथे तिसऱ्या रकान्यात रुपयांऐवजी महिने लिहिलेले बरे.