मॅनेज्ड स्विच आणि स्पॅनिंग ट्री: आठ महिने वापरल्यानंतर

एरंडवण्यातल्या आमच्या चाळीस माणसांच्या ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो. हा २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच आम्ही एका सोमवारच्या प्रसंगानंतर घेतला.

त्या दिवशी साडेदहाला प्रिंटर गेला, फोन गेले, अकाउंट्सचं सॉफ्टवेअर अडकलं. रॅकपाशी आलो तर जुन्या साध्या स्विचचे सगळे दिवे एकदम, न थांबता लुकलुकत होते. राउटरला पिंग लागेना. एकेक केबल काढत गेलो आणि मीटिंग रूमची एक केबल निघताच दिवे शांत झाले. तिथल्या टेबलाखाली पाच पोर्टचा स्विच आहे. त्याची लोंबकळणारी केबल कुणीतरी भिंतीतल्या दुसऱ्या पॉइंटला खोचली होती. झाला लूप!

एका केबलने सगळं ऑफिस कसं काय बंद पडतं? ‘हा आयपी कुणाचा?’ असं विचारणारी एआरपीची फ्रेम ब्रॉडकास्ट असते, म्हणजे स्विच ती आली तो पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. लूपमध्ये ती फिरून परत येते, पुन्हा सगळीकडे जाते. आयपी पॅकेटला टीटीएल असतो, म्हणजे किती राउटर ओलांडायचे याचा आकडा; तो संपला की पॅकेट मरतं; इथरनेट फ्रेमला तसं काहीच नाही. प्रत्येक नवी ब्रॉडकास्ट या फेऱ्यात भर घालते, आणि सगळ्या केबली भरून जातात. त्यात एकाच मशीनचा मॅक पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसतो, त्यामुळे साधा ट्रॅफिकही भरकटतो.

यावरचा उपाय म्हणजे नव्या स्विचमधली स्पॅनिंग ट्री. ती चालू असलेले स्विच दर दोन सेकंदांनी बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवतात. त्यांवरून एक स्विच रूट ठरतो, आणि त्याच्याकडे जाणारा जास्तीचा रस्ता ब्लॉक होतो. केबल जागेवरच राहते, फक्त तिच्यातून डेटा जात नाही. मुख्य केबल तुटली तर तोच रस्ता उघडतो.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या: पीसी सुरू केला की नेट नाही, पत्ता 169.254 ने सुरू होणारा, म्हणजे खरा पत्ता न मिळाल्यामुळे पीसीने स्वतःच घेतलेला. जुन्या पद्धतीत पोर्ट उघडायला ३० सेकंद लागतात, तोवर पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीची वाट बघून पीसी थकतो. टेबलांकडे जाणाऱ्या पोर्टवर हे टाकलं:

```
spanning-tree portfast
spanning-tree bpduguard enable
```

पहिल्या ओळीने पोर्ट लगेच उघडतो. दुसरी ओळ माझ्या मते त्याहून मोलाची: अशा पोर्टवर बीपीडीयू आला की पोर्टच बंद. चौथ्या महिन्यात मीटिंग रूममध्ये पुन्हा तीच केबल खोचली गेली आणि आमच्याच स्विचचा बीपीडीयू लूपमधून फिरून परत आला. लॉगमध्ये `BLOCK_BPDUGUARD` दिसलं, फक्त त्या खोलीचं नेट गेलं, बाकी ऑफिसला पत्ताही लागला नाही. पोर्ट मी हाताने उघडतो. तो आपोआप उघडण्याची सोय मुद्दाम लावलेली नाही, कारण केबल तशीच राहिली तर तो पुन्हा उघडून पुन्हा पडत राहील.

एक उणीव मात्र लक्षात ठेवा. काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत. मग स्पॅनिंग ट्रीला लूप दिसत नाही. म्हणून त्याच पोर्टवर स्टॉर्म कंट्रोलही लावलाय, म्हणजे ब्रॉडकास्ट ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की स्विच ते टाकून देतो.