पानाला भोकं पडलीत, फोटो काढलाय: गोगलगाय की अळी?

पाऊस सुरू झाला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ज्यांच्या ज्यांच्या गॅलरीत कुंड्या आहेत त्यांचे फोटो यायला लागतात, एक पान, त्याला भोकं, आणि खाली प्रश्न की काय फवारू. उत्तर दोनपैकी एक असतं, गोगलगाय (शंखवाली किंवा बिनशंखाची, दोघींचं काम सारखंच) नाहीतर अळी. हे ठरवायला मी स्वतः दोनदा चुकलोय, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला, आणि दोन्ही वेळा घोळ एकाच गोष्टीने केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कडा बघा. अळीला जबडे असतात, ती पान कडेपासून कुरतडत आत जाते आणि कापलेली कड बऱ्यापैकी स्वच्छ दिसते, अर्धगोल चावे एकाशेजारी एक. गोगलगायीची जीभ कानशीसारखी असते, ती पान कापत नाही, घासते, त्यामुळे भोक कुठेही पडतं, अगदी पानाच्या मधोमध सुद्धा, कड फाटल्यासारखी वेडीवाकडी असते आणि आजूबाजूला कुठेतरी नुसता वरचा थर खरवडलेला, पारदर्शक कागदासारखा पॅच दिसतो. आता हे वाचायला सोपंय पण फोटोत तितकं सोपं नाही, कारण लहान अळ्या पण पान खरवडतात. तंबाखूवरची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, अंड्यातून निघाली की पूर्ण घोळका एकाच पानाचा हिरवा भाग खाऊन जाळी करून ठेवतो. आणि तीन दिवस जुनं भोक असेल तर कड सुकून तपकिरी होते, मग जबडा काय आणि कानस काय, मला तरी फरक सांगता येत नाही. म्हणून फोटो काढायचा तर कालच्या रात्रीत पडलेल्या ताज्या भोकाचा काढा.

"रात्री खाल्लंय म्हणजे गोगलगायच" असं पण बरेच जण म्हणतात. तसं नाहीये, स्पोडोप्टेराची मोठी अळी दिवसा मातीत नाहीतर पालापाचोळ्यात दडते आणि रात्रीच वर येते.

मग सगळे जण ज्याच्यावर भिस्त ठेवतात ती म्हणजे चकाकती रेघ. गोगलगाय गेली की चिकट माग राहतो, वाळला की चांदीसारखा चमकतो, बरोबर आहे. पण माझा सगळ्यात जास्त वैताग याच रेघेचा आहे.

पहिला किस्सा माझा. मागच्या जुलैत झेंडूची बारा रोपं ट्रेमध्ये लावलेली, पानांना मधोमध भोकं पडायला लागली. मी सकाळी फोटो काढला, रेघ कुठेच नाही, म्हणून मी पण आणि ज्यांना दाखवला त्यांनी पण अळी म्हणून मोकळे झालो. बीटी पावडर, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची पावडर आणली, संध्याकाळी फवारली, पाच दिवसांनी परत फवारली. बीटी खाल्ली की अळी काही तासांत खाणं थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते, त्यामुळे दुसऱ्या फवारणीनंतर पण ताजी भोकं दिसली तेव्हाच मला कळायला हवं होतं की समोर अळी नाहीये. बीटी गोगलगायीला काहीच करत नाही. रात्री दहाला टॉर्च घेऊन ट्रे उचलला तर खालच्या बाजूला, पाणी निघायच्या भोकांजवळ, बोटाच्या पेरापेक्षा लहान सात बिनशंखाच्या गोगलगायी चिकटलेल्या. रेघ का दिसली नाही, तर पहाटे रोज पाऊस पडत होता आणि धुऊन जात होती. बारापैकी पाच रोपं राहिली.

दुसरा याच्या बरोबर उलटा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिंबाच्या रोपाचा फोटो पाठवला, पानांवर लख्ख चांदीसारख्या नागमोडी रेघा आणि कोवळ्या पानांच्या कडा खाल्लेल्या. मी लगेच गोगलगाय सांगितलं. काकूंनी दोन रात्री टॉर्च मारला, एक पण सापडली नाही. मग मी खाली जाऊन ओल्या बोटाने रेघ पुसून बघितली, पुसली गेली नाही. ती नागअळी होती, पानाच्या आत बोगदा करणारी, तिची रेघ पानावर नसते तर सालीखाली असते आणि फोटोत ती हुबेहूब गोगलगायीच्या मागासारखी दिसते. कडा खाल्लेल्या तो तिसऱ्याचाच उद्योग. वरच्या एका पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी होतं, काकू म्हणाल्या, "अरे ती कावळ्याची घाण आहे, हात नको लावूस." ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी होती. मोठी झाली की तीच हिरवीगार होते आणि पानात दिसतच नाही.

म्हणजे एकदा रेघ असून धुतली गेली आणि एकदा नसून दिसली. तेव्हापासून मी रेघ शोधत नाही, लेंड्या शोधतो. अळी खाते तिथेच खालच्या पानावर किंवा देठाच्या बेचक्यात विष्ठा टाकते, मोहरीसारखे सुटे, कोरडे, हिरवट-काळे दाणे, अळी जितकी मोठी तितका दाणा मोठा. गोगलगायीची विष्ठा दाण्यासारखी नसते, ओली, बारीक शेवेच्या वेटोळ्यासारखी दोरी असते. पावसात हे पण वाहून जातं हे मान्य, पण बेचक्यात आणि आडोशाच्या पानावर काही ना काही अडकून राहतं आणि दाणा की दोरी यात निदान माझा तरी अजून घोळ झालेला नाही. त्यामुळे फोटो काढताना भोकाचा एकच काढू नका, भोकाच्या खालचं पान आणि कुंडीची माती पण काढा. रेघेचा काढायचाच असेल तर समोरून फ्लॅश मारू नका, सगळं पांढरं होतं, टॉर्च बाजूने आडवा धरा.

दाणे दिसले तर अळी हाताने वेचा, संख्या जास्त असेल आणि अळ्या लहान असतील तर बीटी संध्याकाळी मारा, उन्हात तिचा जोर टिकत नाही. नागअळीसाठी बीटी मारू नका, ती अळी पानाच्या आत असते, बीटी तिथपर्यंत पोचत नाही.

आणि काहीच दिसलं नाही, दाणा नाही, दोरी नाही, तर? तुमचं मत वेगळं असू शकतं, पण जून ते सप्टेंबर पुण्यात मी आधी गोगलगाय धरून चालतो, मुख्यतः रोपं जमिनीलगत असतील तर. कारण तिची तपासणी फुकट आहे. गोणपाटाचा तुकडा गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांमध्ये पसरा, सकाळी ऊन यायच्या आत उलटा करा. असतील तर खाली जमलेल्या मिळतात, हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ कुंडीत टाकू नका, माती खराब होते. वेचताना मातीत साबुदाण्यासारखी पांढरट अंडी सापडली तर ती पण काढा. विषारी गोळ्या मिळतात पण आमच्या जिन्यात कुत्री फिरतात आणि त्या गोळ्यांतलं मेटाल्डिहाइड कुत्र्यांना घातक आहे म्हणून मी आणत नाही. सलग तीन रात्री गोणपाट रिकामं निघालं तर मग अळी समजा आणि टॉर्च घेऊन पानाची मागची बाजू आणि खोडाजवळची माती उकरून बघा.

काकूंच्या लिंबावर चार अळ्या निघाल्या, त्या वेचल्या. नागअळीच्या पानांना काही केलं नाही, नवीन पालवी स्वच्छ आली. झेंडूच्या ट्रेखाली मी आता विटा ठेवल्यात, खाली हवा खेळती राहते आणि लपायला ओली जागा मिळत नाही, आणि गोणपाट दर शनिवारी टाकतो.