फ्रिज रोखीने की ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर?

समजा, राजारामपुरीतल्या दुकानात फ्रिजचा भाव ३०,००० सांगितला. रोखीने घेतलात तर घासाघीस करून २८,०००. ‘नो-कॉस्ट’वर ५,०००चे सहा हप्ते, पाटी म्हणते, व्याज शून्य. पण रोखीची सवलत गेली, म्हणजे खरं कर्ज २८,०००चं आणि वरचे २,००० हे व्याजच. मुद्दल दरमहा घटत जातं, म्हणून हा दर वर्षाला सुमारे २४ टक्के पडतो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळाच! शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीला एक रुपयाही सुटत नसेल, तर मात्र फी विचारून हप्ते खुशाल घ्या.