खांद्यातला खडू: टेंडनमधलं कॅल्शियम सुईने धुतल्यानंतरचे सात महिने

रात्री अडीचच्या सुमारास उजव्या खांद्यातल्या कळेने मला जाग आली. पडले नव्हते, काही जड उचललं नव्हतं. झोपताना फार तर खांदा थोडा आखडल्यासारखा वाटत होता. पहाटेपर्यंत मी पलंगाच्या कडेला डाव्या हाताने उजवं कोपर पोटाशी धरून बसून होते. हात अंगापासून वीतभर दूर गेला तरी खांद्यात सळई खुपसल्यासारखं व्हायचं. दोन बाळंतपणं झाली आहेत माझी, तरी हे दुखणं वरचढ होतं असंच म्हणेन.

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. हे लिहिते आहे ते सोनोग्राफीत बघत सुईने कॅल्शियम धुऊन काढण्याच्या उपचाराबद्दल. त्याला बार्बोटाज म्हणतात. करून सात महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक केलं असतं आणि तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर तक्रार. दोन्ही अर्धवट ठरलं असतं.

पहिले दोन दिवस वाया गेले. ज्यांच्याकडे आधी गेले त्यांनी हात न लावताच "स्नायू आखडलाय" असं सांगून शेक आणि मालिश करायला सांगितलं. मालिशने मी अक्षरशः किंचाळले. तिसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी ताप, खांद्यावरची लाली, छातीत जडपणा, घाम याबद्दल विचारलं. तेव्हा मला ते प्रश्न उगाच वाटले, पण ते महत्त्वाचे होते. खांदा लालभडक आणि गरम असेल, ताप आणि थंडी असेल तर सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि तिथे एक दिवसही थांबायचं नसतं. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर आधी हृदय बघायचं. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. मग एक्स-रे काढला, हात आत वळवून एक आणि बाहेर वळवून एक, कारण एकाच स्थितीत काढला तर कॅल्शियम हाडाच्या सावलीत लपून राहू शकतं.

दंडाच्या हाडाच्या डोक्यावर, जिथे सुप्रास्पिनेटस नावाच्या स्नायूचं टेंडन हाडाला येऊन चिकटतं, त्याच्या जरा अलीकडे एक पांढरा डाग होता. लांबी चौदा मिलिमीटर. डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने त्याची कडा दाखवली. "कडा रेखीव असती तर मी म्हटलं असतं की हा खडा बरेच दिवस तिथे निवांत बसलाय. तुमचा ढगासारखा विस्कटलाय. म्हणजे तो विरघळायला लागलाय."

या आजाराचं इंग्रजी नाव कॅल्सिफिक टेंडिनायटिस. यातली सगळ्यात उलटी गोष्ट तीच आहे. खडा तयार होताना आणि नंतर नुसता बसून असताना बहुतेकांना फारसं कळतही नाही. अनेकांच्या खांद्यात तो असतो आणि दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एक्स-रेत सापडतो. जिवाचा आकांत होतो तो शरीर त्याला शोषून घ्यायला लागतं तेव्हा. तिथे सूज येते, कोरडा खडूसारखा साठा टूथपेस्टसारखा पातळ होतो, घट्ट टेंडनच्या आत दाब वाढतो आणि त्यातला काही भाग फुटून वरच्या बर्सात, म्हणजे वंगणाच्या पातळ पिशवीत, उतरतो. ती पिशवी मग पेटते. म्हणून कुठलीही इजा नसताना, एका रात्रीत, हे दुखणं उभं राहतं. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. टेंडन फाटलं असेल असं मी धरून चालले होते.

वहिनींचा पहिला प्रश्न होता, "दूध बंद करायचं का गं?" नाही. खाण्यातल्या कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही. टेंडनच्याच पेशी तिथे हे क्षार साठवतात, आणि नेमकं का ते अजून नीट उलगडलेलं नाही. हे तिशी ते साठीच्या दरम्यान होतं आणि बायकांमध्ये जास्त दिसतं. मधुमेह आणि थायरॉइडच्या त्रासाशीही त्याचं नातं दिसलेलं आहे, म्हणून माझ्या त्या दोन्ही तपासण्या झाल्या. दोन्ही ठीक आल्या.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. सूज कमी करणाऱ्या गोळ्या, बर्फ आणि झोळी घेऊन वाट पाहायची, कारण हा तीव्र टप्पा पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. नाहीतर सुईने साठा धुऊन काढायचा. बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन खडा फोडायच्या शॉकवेव्ह उपचाराबद्दल मी विचारलं, तर ते म्हणाले, तो उपाय जुनाट, टणक खड्यासाठी, पेटलेल्या खांद्यावर नाही. शस्त्रक्रियेचा तर त्यांनी विषयच काढला नाही. मी चार रात्री बसून काढल्या होत्या. मी सुई निवडली.

प्रत्यक्षात ते असं झालं. मला उताणं झोपवून उजवा हात कुशीला, तळवा ढुंगणाखाली, असा ठेवायला सांगितला. एवढं करायलाच पाच मिनिटं लागली. आधी भूल, कातडीपासून थेट बर्सापर्यंत. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत एक जाडसर सुई साठ्याच्या मधोमध नेली. सिरिंजमध्ये कोमट सलाइन होतं. कोमट अशासाठी की त्यात कॅल्शियम लवकर सुटतं. डॉक्टर दट्ट्या हलकेच दाबायचे आणि सोडून द्यायचे, दाबायचे, सोडायचे. सोडला की आतल्या दाबाने पाणी आपणहून मागे यायचं. पहिल्या तीन-चार वेळा ते स्वच्छच आलं. मग एकदम सिरिंजमध्ये दुधाळ धूर पसरला. त्यांनी ती आडवी धरून मला दाखवली. मिनिटभरात पांढरा गाळ खालच्या बाजूला बसला, फळा पुसल्यावर खालच्या पट्टीवर जमतो तसा. अशा पाच सिरिंजा झाल्या, शेवटची जवळपास नितळ. शेवटी बर्सात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन. एकूण अर्धा तास. दुखलं ते भूल देताना. नंतर फक्त आत काहीतरी फुगतंय आणि ओसरतंय असा दाब जाणवत होता.

प्रत्येकाचं असंच होईल असं नाही. खडा टणक असेल तर पाणी परत येतच नाही. मग सुईने त्याला नुसती भोकं पाडून सोडतात आणि पुढचं शरीरावर सोपवतात. माझाही साठा पूर्ण निघाला नव्हता, पडद्यावर कडेला पांढरी रेघ उरली होती. ती ओरबाडून काढायची नसते, तसं केलं तर टेंडनलाच इजा होते. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर वर जाते, ते आधीच सांगून ठेवावं. कुणाकुणाला टेबलावर भोवळ येते, म्हणून हे झोपवूनच करतात.

त्या संध्याकाळी भूल उतरल्यावर पुन्हा दुखलं आणि मी घाबरले. ते दोन दिवस राहिलं. तिसऱ्या रात्री मी आडवी होऊन झोपले. डाव्या कुशीवर, उजव्या हाताखाली उशी घेऊन, सलग पाच तास.

झोळी मी आणखी दोनच दिवस वापरली, तीही सांगितलं म्हणून. खांदा दुखतोय म्हणून महिनाभर गळ्यात बांधून ठेवला तर तो आखडतो, आणि ते दुखणं यापेक्षा लांबतं. चौथ्या दिवसापासून ओणवं राहून हात लोंबता सोडायचा आणि लंबकासारखा झुलवायचा. दुसऱ्या आठवड्यापासून भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. भिंतीवर मी पेन्सिलीने रोजची खूण करत गेले. पहिल्या दिवशी ती छातीच्या उंचीवर होती, चौथ्या आठवड्यात डोक्याच्या वर. रबरी पट्टा ओढायचे व्यायाम सहाव्या आठवड्यात आले. केस विंचरता येणं हा माझा मोठा टप्पा होता, तो पाचव्या आठवड्यात गाठला.

आता अकरावा आठवडा. खांदा जवळजवळ बरा झालेला, आणि एका सकाळी तीच कळ परत आली. पहिल्या रात्रीएवढी नाही, पण निम्मी नक्की. मी रडले, कारण सगळं पाण्यात गेलं असं वाटलं. डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. साठा आणखी लहान झालेला आणि बर्सा थोडी सुजलेली. उरलेलं कॅल्शियम विरघळताना साधारण दोन-तीन महिन्यांनी अशी उसळी येते, अनेक पेशंटना येते. हे मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, एवढी एक तक्रार माझी आहे. स्टेरॉइड परत दिलं नाही. दहा दिवस गोळ्या, बर्फ, पट्ट्याचा व्यायाम थांबवून फक्त झुलवणं. तेराव्या आठवड्यात ते शमलं.

सुईनेच बरं झालं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या रुग्णालयांनी मिळून केलेला 220 रुग्णांचा एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला खरं धुणं आणि स्टेरॉइड, दुसऱ्याला धुण्याचं नाटक आणि स्टेरॉइड, तिसऱ्याला नुसतं नाटक, अशी विभागणी होती. चार महिन्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच निघाले. ते रुग्ण महिनोन्महिने दुखणं सोसत आलेले होते, माझ्यासारखे चौथ्या दिवसाचे नव्हते, त्यामुळे तो निकाल माझ्यावर सरळ लावता येत नाही. पण जुनं, सौम्य दुखणं असेल आणि कुणी खात्रीने "धुतलं की संपलं" म्हणत असेल, तर हा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवून विचारा. मला मात्र त्या आठवड्यात झोप मिळाली. निवड पुन्हा करायची झाली तर मी तीच करेन, तिसऱ्या महिन्यातली उसळी आधीपासून धरून.

सातव्या महिन्यातला एक्स-रे गेल्या आठवड्यात काढला. चौदा मिलिमीटरच्या ढगाच्या जागी आता तिळाएवढा ठिपका आहे. हात कानाला टेकतो. मागे पाठीवर न्यायला अजून डाव्या हातापेक्षा दोन मणके कमी पोहोचतो. पट्ट्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा चालू आहेत, आणि उजव्या कुशीवर मी परवापासून झोपायला लागले आहे.