६०० लिटरच्या बंद हीटिंग लाइनला एक्स्पान्शन टाकी कितीची: ३५, ५० की ८०?

गंगापूर धरणाकडच्या एका फार्म-स्टेच्या मालकांसमोर तीन कोटेशनं होती. काम एकच: तळमजल्यावर गॅसचा बॉयलर, शेजारी गरम पाणी साठवणारा ३०० लिटरचा बफर टँक, आणि डिसेंबर-जानेवारीत खोल्या उबदार ठेवायला प्रत्येक खोलीत फॅन कॉइल. लाइन पूर्ण बंद, गच्चीवर उघडी टाकी नाही. अशा लाइनला तापून फुगलेलं पाणी सामावून घ्यायला एक्स्पान्शन टाकी लागते. एकाने ती ३५ लिटरची लिहिली होती, दुसऱ्याने ५० ची. सातपूरचा फिटर म्हणाला, "साहेब, ८० चीच घ्या, मोठी ती बरी." मालकांनी मला विचारलं, यातलं खरं कोण बोलतंय? तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, पण त्यांनी धरलेली गृहीतकं वेगळी आहेत आणि ती कोटेशनवर कुठेच लिहिलेली नसतात.

आधी पाणी किती फुगतं ते पाहू. १० अंशांचं पाणी ८० अंशांवर नेलं की त्याचं आकारमान जवळपास २.९ टक्क्यांनी वाढतं. ६० अंशांपर्यंतच नेलं तर वाढ १.७ टक्के. खालची बाजू १० अंश धरली, कारण नाशिकच्या थंडीत रात्रभर बंद राहिलेली लाइन तिथवर येऊ शकते, आणि निफाडकडे तर पारा आणखी खाली जातो.

आता लाइनमधलं पाणी. बफरचे ३०० लिटर. ५० मिलिमीटरचा पाइप मीटरमागे साधारण दोन लिटर धरतो, इथे तो ९० मीटर, म्हणजे १८० लिटर. बॉयलर, फॅन कॉइल आणि बारीक पाइप मिळून १२०. एकूण ६००. नळाला येणारं गरम पाणी यात धरायचं नाही. ते वेगळं पाणी आहे, वेगळ्या लाइनचं, आणि तिथे टाकी लागली तर पिण्याच्या पाण्याला चालणारी वेगळी घ्यावी लागते.

६०० लिटरचे २.९ टक्के म्हणजे १७.४ लिटर. त्यात ३ लिटरची शिल्लक मिळवा. लाइन गार असतानाही टाकीत थोडं पाणी हवं, म्हणजे बारीकसारीक गळतीला आणि सुटणाऱ्या हवेला पुरवठा राहतो. लाइनच्या पाण्याच्या अर्धा टक्का, पण तीन लिटरपेक्षा कमी नाही, हा रूढ नियम. बेरीज २०.४ लिटर. मग ३५ ची टाकी पुरायला हवी, नाही का?

इथेच ३५ वाला चुकतो. टाकीवरचा आकडा हा पूर्ण डब्याचा असतो. आत रबरी पडदा असतो, त्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला लाइनचं पाणी. पाणी आत यायचं तर हवेने दबायला हवं, आणि हवा दबली की दाब चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह ३ बारचा असेल तर त्याच्या अर्धा बार खाली, म्हणजे २.५ बारवर, थांबायला हवं. त्यामुळे डब्यातला किती भाग खरोखर कामाला येतो हे सुरुवातीच्या आणि शेवटच्या दाबावर ठरतं.

सुरुवातीचा दाब उंचीवरून काढतात. टाकीपासून सगळ्यात वरचा पाइप ७ मीटर उंच आहे, म्हणजे ०.७ बार. त्यात ०.३ मिळवले की टाकीत १.० बार हवा. गणितात मात्र गेजवरचे आकडे चालत नाहीत, बाहेरच्या हवेचा दाब मिळवावा लागतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, तेव्हा तो ०.९४ बार धरा. १.०१ धरलात तरी उत्तर फारसं हलत नाही, पण तो मिळवायलाच विसरलात तर गणित पार बिघडतं.

```
कामाचा भाग = (३.४४ − १.९४) ÷ ३.४४ = ०.४३६
टाकी = २०.४ ÷ ०.४३६ = ४७ लिटर
```

म्हणजे ५० ची पुरते. ३५ च्या टाकीत कामाचा भाग जेमतेम १५ लिटर निघतो.

पण हा हिशोब टाकीत १.० बार हवा आहे असं धरून केला. बऱ्याच हीटिंगच्या टाक्या कारखान्यातून १.५ बार हवा भरून येतात, आणि खोक्यातून काढून तशाच जोडल्या जातात. खालच्या तक्त्यात दोन्ही बाबतीत लाइन ८० अंशांवर गेल्यावर गेज किती दाखवेल ते दिलं आहे. गार असताना प्रत्येक टाकीत तीन लिटर पाणी धरलं आहे.

| टाकी | हवा १.० बार | हवा १.५ बार |
|---|---|---|
| ३५ लिटर | व्हॉल्व्ह उडतो | व्हॉल्व्ह उडतो |
| ५० लिटर | २.३ बार | ३.२, व्हॉल्व्ह उडतो |
| ८० लिटर | १.७ बार | २.३ बार |

५० ची टाकी नीट हवा करून लावली काय आणि ८० ची खोक्यातून काढून तशीच लावली काय, गेज एकच आकडा दाखवतं. फिटरच्या "मोठी ती बरी" मागचं कारण बहुधा हेच. हवा तपासायचे कष्ट नकोत म्हणून वरचे तीस लिटर विकत घ्यायचे. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही, त्याच्या पद्धतीने व्हॉल्व्ह गळत नाही. फक्त त्याची किंमत तुम्ही मोजता.

हवा कमी करणं अवघड नाही. टाकीला गाडीच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो. लाइन भरण्याआधी त्यावर टायरचं गेज लावायचं. ते बहुतेक पीएसआयमध्ये असतं, १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, दीड बार म्हणजे बावीस. जास्त असेल तर सोडा, कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. लाइनमध्ये पाणी भरल्यानंतर हे मोजलंत तर मात्र गेज लाइनचाच दाब दाखवेल आणि तुम्ही फसाल. त्यामुळे दरवर्षीच्या तपासणीत आधी टाकी लाइनपासून तोडून तिच्यातलं पाणी काढावं लागतं. त्यासाठी टाकीजवळ एक कॉक आणि एक ड्रेन हवाच. तो कॉक मात्र हँडल काढून ठेवायचा, म्हणजे कुणी चुकून बंद करणार नाही.

एक चूक अशी आहे की तिच्यापुढे ८० चीही टाकी हरते. लाइन भरताना "वरपर्यंत पाणी नीट पोचू दे" म्हणून गार असतानाच दाब २ बारवर नेतात. १.० बार हवेच्या ५० च्या टाकीत तेव्हाच १७ लिटर पाणी शिरलेलं असतं. पुढे २.५ पर्यंत जेमतेम पाच लिटरची जागा उरते. ८० मध्ये आठ लिटरही नाही. आपल्याला साडेसतरा हवेत. अशा वेळी टाकी लहान पडली असं वाटून लोक आणखी मोठी आणतात, आणि ती पुन्हा दोन बारवरच भरतात.

मग भरायचं किती? याला नाशिकमध्ये एक वेगळी अडचण येते. ही कामं बहुतेक उन्हाळ्यात होतात, सीझन संपलेला असतो आणि खोल्या रिकाम्या असतात. मे महिन्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी सहज ३५ अंश असतं. तेच पाणी जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर आलं की ६०० लिटरमागे जवळपास साडेतीन लिटर आकसतं. तीन लिटरची शिल्लक संपली, टाकी रिकामी झाली, आणि पुढच्या अर्ध्या लिटरला दाब धाडकन उतरतो. वरच्या टोकाला मग ऑटोमॅटिक एअर व्हेंटमधून हवा आत खेचली जाते. सकाळी पाहुणे तक्रार करतात की वरच्या मजल्यावरची कॉइल गारच आहे, पाइपमध्ये गुडगुड आवाज येतो. म्हणून ५० च्या टाकीला थंडीत १.१ बारपर्यंत भरा, मे महिन्यात १.३ पर्यंत. मेमध्ये भरलेले हे जादाचे लिटर थंडीत आकसण्यातच जातात, त्यामुळे गरम असतानाचा दाब २.३ च्या आसपासच राहतो.

३५ ची टाकी मी बाद केली असली तरी ती बॉयलरसाठी. त्याच लाइनवर हीट पंप असता आणि पाणी ६० अंशांच्या वर जाणारच नसतं, तर फुगवटा दहा लिटरचा आहे, शिल्लक धरून तेरा, आणि ३० लिटरची टाकी पुरते. ३५ मध्ये गेज २.२ वर थांबतं. त्या कोटेशनवाल्याने बहुधा हीट पंपाच्या दुसऱ्या कामाचा आकडा इथे चिकटवला. हीट पंपाला पुढे मदतीला बॉयलर जोडायचा विचार असेल तर मात्र ही बचत फसवी ठरते.

५० आणि ८० मध्ये निवडायचं तर दोन प्रश्न विचारा. पाण्याचा आकडा मोजलेला आहे की अंदाजाने धरलेला? लाइन वाढणार आहे का? याच दाबांत ५० ची टाकी ६४० लिटरपर्यंतच्या लाइनला पुरते, ८० ची हजारापर्यंत. अंदाज दहा टक्के चुकला आणि पाणी ६६० निघालं तर ५० वर गेज २.६ दाखवेल. व्हॉल्व्ह उडणार नाही, पण ठेवलेली मोकळीक संपली. लाइन भरताना इनलेटला साधा वॉटर मीटर लावून रीडिंग घेतलंत तर हा संशय कायमचा मिटतो, आणि मी मालकांना तेच सांगितलं. त्यांना दोन वर्षांत आणखी सहा खोल्या आणि दुसरा बफर टँक घ्यायचा होता, म्हणून शेवटी ८० घेतली, पण हवा १.० करून. तो विचार नसता तर मी ५० सुचवली असती. जास्त मोठ्या टाकीने तांत्रिक नुकसान काही नाही, जागा आणि पैसे जातात इतकंच.

हार्डवेअरच्या दुकानात प्रेशर पंपाच्या टाक्या बऱ्याच स्वस्त मिळतात, रंगही तोच. त्या घेण्याआधी लेबलवरचं तापमान वाचा, त्या गार पाण्यासाठी केलेल्या असतात. हीटिंगच्या टाकीच्या पडद्यालाही साधारण ७० अंशांचीच मर्यादा असते, म्हणून ती रिटर्न लाइनवर, पंपाच्या सक्शनच्या बाजूला लावतात आणि तिच्याकडे जाणाऱ्या पाइपवर इन्सुलेशन चढवत नाहीत. उघडी टाकी हा चौथा पर्याय कुणी सुचवला तर एवढंच लक्षात ठेवा की तिथून लाइनमध्ये सतत ऑक्सिजन जातो आणि लोखंडी बफर आतून गंजतो.

पहिल्या दिवशी बॉयलर पेटवाल तेव्हा गेजसमोर उभं राहून गार आणि ८० अंशांवरचा दाब भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. या ८० च्या टाकीला ते १.१ आणि १.७ च्या आसपास यायला हवेत. पुढच्या वर्षी गारचा आकडा तोच राहून गरमचा तीनकडे सरकू लागला, सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपखाली ओल दिसली, तर टाकीची हवा गेली आहे. ट्यूबच्या व्हॉल्व्हची पिन दाबून पाहा. हवा आली किंवा काहीच आलं नाही तर टाकी रिकामी करून पुन्हा हवा भरा. पाणी आलं तर पडदा फाटला आहे.