होल्मियमचा खोटा दाखला आणि आमचा २.४ नॅनोमीटरचा फटका

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी आणि माझा भाऊ मिळून एक छोटी तपासणी प्रयोगशाळा चालवतो. गेल्या वर्षी आम्ही एका विक्रेत्याकडून जुना, दुरुस्त करून दिलेला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर घेतला. नव्या यंत्राचं बजेट नव्हतं, आणि याच्यासोबत कॅलिब्रेशनचा दाखला मिळत होता. तो दाखलाच खोटा निघाला. तुम्ही जुनं यंत्र घेणार असाल तर हे शेवटपर्यंत वाचा.

खरेदीच्या दिवशी त्याच्या गोदामात डेमो झाला. त्याने होल्मियम ऑक्साइडच्या काचेचा फिल्टर, ज्याची शोषणाची शिखरं ठरलेल्या तरंगलांब्यांनाच येतात, क्युव्हेटच्या खाचेत बसवला आणि ४०० ते ६०० नॅनोमीटरचा स्कॅन घेतला. ५३६ च्या आसपास अपेक्षित असलेलं शिखर ५३८.७ ला दिसलं. मी विचारलं, "हे दोन-अडीचने पुढे नाही का?" तो म्हणाला, "मॅडम, फार्माकोपियाची मर्यादा अधिक-उणे तीन आहे, हे पास आहे." मर्यादा मला आठवत होती, म्हणून मी गप्प बसले. पण ती तीनची सूट फक्त ४०० ते ६०० साठी असते. २०० ते ४०० मध्ये अधिक-उणे एकच नॅनोमीटर चालतो, आणि औषधांचं बहुतेक काम तिथेच असतं. त्याने स्कॅन नेमका ४०० पासून सुरू केला होता. अतिनील भागाचे आकडे दाखल्यात आहेतच, असं त्याने सांगितलं. तिथे ओळीने सगळे "पास" होते.

तीन महिन्यांनी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचा एक बॅच आमच्याकडे लेबलवरच्या प्रमाणाच्या ९४.२ टक्के आला. मर्यादा ९५ ते १०५ टक्क्यांची आहे, म्हणून आम्ही नापास कळवलं. ग्राहकाने तोच नमुना दुसरीकडे एचपीएलसीवर तपासला, तर ९५.८ टक्के आला. तो चिडला, आणि त्याचा राग रास्त होता.

गोळ्यांच्या त्या पद्धतीत द्रावण सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये करतात आणि २५७ नॅनोमीटरला शोषण मोजून ७१५ या ठरलेल्या आकड्याने भागतात. शेजारी प्रमाणित पॅरासिटामॉल मोजलं जात नाही. यंत्राचा काटा सरकलेला असेल तर २५७ म्हणून आपण शिखराच्या बाजूचा उतार मोजतो, शोषण कमी येतं आणि ती तूट थेट निकालात उतरते. प्रमाणित द्रावणही त्याच यंत्रावर, त्याच दिवशी मोजलं असतं तर दोघांची तूट सारखीच राहिली असती आणि चूक बरीचशी मिटली असती. आमच्या इतर बहुतेक तपासण्यांत प्रमाणित द्रावण सोबत मोजलं जातं, म्हणूनच तीन महिने तिथे काही जाणवलं नाही.

मग आम्ही ओळखीच्या प्रयोगशाळेतून दाखला असलेला होल्मियम काचेचा फिल्टर आणला. स्लिट १ नॅनोमीटर, वेग सर्वांत मंद, दर ०.१ नॅनोमीटरला नोंद, आणि रिकाम्या खाचेची बेसलाइन. वेग जास्त असला की शिखर सरकल्यासारखं दिसतं, आणि स्लिट रुंद असली की शेजारची शिखरं एकमेकांत मिसळतात. म्हणून घाईत केलेल्या स्कॅनवरून यंत्राला दोष देऊ नका. फिल्टरच्या स्वतःच्या दाखल्यात २८७.६, ३६०.९, ४५३.५ आणि ५३६.४ होते. आमच्याकडे आले २९०.०, ३६३.२, ४५५.९ आणि ५३८.७. तीन वेळा स्कॅन केला, आकडे तेच राहिले.

फिल्टरच चुकीचा नाही ना, याचीही खात्री हवी होती. आमच्या ओळखीच्या सर्व्हिस इंजिनिअर काकांनी ड्युटेरियम दिव्याचा एनर्जी स्कॅन घेतला. त्या दिव्याची स्वतःची रेषा ६५६.१ ला असते. ती ६५८.५ ला दिसली, म्हणजे फिल्टर निर्दोष आणि यंत्र चुकलेलं. काका म्हणाले, "ताई, सगळीकडे सारखंच सरकलंय, म्हणजे शून्याचं ठिकाण चुकलंय. तरंगलांबी वाढेल तशी चूकही वाढत गेली असती, तर ग्रेटिंग फिरवणाऱ्या यंत्रणेवर संशय घेतला असता. प्रत्येक स्कॅनला वेगळा आकडा आला असता, तर गिअर झिजले असते आणि तुमचा खर्च फार वाढला असता."

त्यांनी झाकण उघडलं. मुख्य बोर्डावरचा क्रमांक यंत्राच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. दुसऱ्या यंत्राचा बोर्ड इथे बसवला होता, आणि त्यात साठवलेली शून्याची दुरुस्ती त्या दुसऱ्या यंत्राच्या मोनोक्रोमेटरची होती. काकांनी सर्व्हिस मेनूत ती दुरुस्ती नव्याने भरली. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये सगळी शिखरं ०.३ नॅनोमीटरच्या आत आली. इतकं सोपं काम होतं. विक्रेत्याने ते करायचं सोडून दाखल्यावर खोटे आकडे टंकले, याचा मला आजही संताप येतो.

खोटे आकडे हे मी कशावरून म्हणते, ते नीट सांगते. दाखल्यात फिल्टर "काचेचा" असं लिहिलं होतं, पण मोजलेली शिखरं होती २८७.२, ३६१.४, ४१६.४, ४५१.३ आणि ५३६.५. ही काचेची शिखरं नाहीतच. होल्मियम ऑक्साइड परक्लोरिक आम्लात विरघळवलं की ४१६.३ आणि ४५१.४ च्या आसपास शिखरं मिळतात. काचेत होल्मियमचा परिसर वेगळा असतो, त्यामुळे तीच शिखरं ४१८ आणि ४५३ च्या पुढे सरकतात. काचेचा फिल्टर लावून ४५१.३ मिळणं शक्यच नाही. कुणीतरी पुस्तकातले द्रावणाचे आकडे घेऊन दशांशात थोडा बदल केला होता. शिवाय दाखल्यात ५३६.५ होतं, आणि आमच्या डेमोच्या प्रिंटवर ५३८.७. ते दोन्ही कागद माझ्या फायलीत तीन महिने एकाखाली एक होते आणि मी ते कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

हाच गोंधळ उलट बाजूनेही होतो. काचेचा फिल्टर लावून द्रावणाच्या आकड्यांशी ताडून पाहिलं तर चांगलं यंत्रही नापास दिसतं. २७८.१ च्या जागी काच २७९.३ दाखवते, आणि एक नॅनोमीटरची मर्यादा ओलांडली जाते. आपण आणलेल्या फिल्टरच्या क्रमांकाचा दाखला समोर ठेवल्याशिवाय पास किंवा नापास लिहू नका.

विक्रेत्याला फोन केला. आधी "वाहतुकीत हललं असेल" असं म्हणाला. बोर्डाच्या क्रमांकाचा फोटो पाठवल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. आम्ही पूर्ण रक्कम आधीच दिली होती, त्यामुळे हातात काही उरलं नाही. आता घेताना मी २०० ते ६५० पर्यंतचा अखंड स्कॅन स्वतः उभं राहून काढून घेते, फिल्टर माझा नेते, आणि आमच्या बाकावर तोच स्कॅन जुळेपर्यंत एक हिस्सा रोखून ठेवते.

त्या तीन महिन्यांत ठरलेल्या आकड्याने भागून दिलेले सगळे अहवाल आम्ही बाहेर काढले. ठेवलेले नमुने दुरुस्त यंत्रावर पुन्हा तपासले आणि ज्यांचे निकाल बदलले त्यांना लेखी कळवलं. त्या बॅचच्या मालकाला मी स्वतः जाऊन भेटले.