कॅल्कची पेस्ट-खिडकी: गिऱ्हाईक नुसता तक्ता चिकटवून पाठवतं तेव्हा

म्हापशात लहान दुकानांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न भरण्याचं माझं काम. दुकानदार फाईल पाठवत नाहीत. एक्सेलमधल्या ओळी निवडतात, ईमेलमध्ये चिकटवतात आणि मोकळे होतात. वर मथळा नाही, खाली ‘हे बघा’ एवढंसुद्धा नाही. असा मजकूर उलगडायला गेले कित्येक महिने मी लिबरऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखंच सॉफ्टवेअर वापरते आहे. हा अनुभव पूर्ण कॅल्कचा नाही. मजकूर पेस्ट करताना त्यात जी `Text Import` नावाची खिडकी उघडते, फक्त तिचा आहे.

एक्सेलमधून कॉपी केलेल्या ओळी साध्या मजकुरात आल्या की दोन खान्यांमध्ये एक टॅब उरतो आणि खान्यात पडद्यावर दिसत होतं तेवढंच येतं. सूत्र, रंग, शेजारच्या शीटशी असलेला धागा, सगळं गळून पडतं. तेच पुन्हा एक्सेलमध्ये पेस्ट केलं तर ते काही न विचारता तारखा, आकडे आपल्या मनाने ठरवून टाकतं. कॅल्क मात्र आधी विचारतं. कुठे तोडू, कुठला रकाना मजकूर समजू, कुठला तारीख? मला या खिडकीची खरी किंमत कळली ती खालच्या तक्त्यात. सप्टेंबरच्या मध्यावर, डिचोलीच्या एका हार्डवेअरवाल्याकडून तो आला होता. पहिल्या रकान्यात अख्खे जीएसटी नंबर होते, इथे त्यांचे पहिले दोनच आकडे ठेवले आहेत.

```
30	B/0412	04-08-2025	18500	1665	1665		3330
27	INV-88	08-05-2025	42000			7560	7560
30	B/0431	11-08-2025	9200	828	828		1656
27	INV-91 	08-12-2025	15000			2700	#N/A
27	INV-97	08/19/2025	6000			1080	#N/A
```

खिडकीत मी `Tab` सोडून बाकी सगळ्या खुणा काढते. `Merge delimiters` तर कटाक्षाने बंद. दुसऱ्या ओळीत ४२००० नंतर तीन टॅब लागोपाठ आहेत, म्हणजे मधले दोन खाने रिकामे. ते मर्ज झाले तर ७५६० सरकून पाचव्या रकान्यात बसतो, आणि दोन राज्यांमधल्या व्यवहाराच्या आयजीएसटीचा राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी होतो. रिकामा खाना इथे माहितीच देतोय. ३० म्हणजे गोवा, तिथे कर दोन सारख्या भागांत. २७ म्हणजे महाराष्ट्र, तिथे एकच आकडा शेवटी. एवढ्यावरून, आणि दोन्हीकडच्या बिल नंबरांची मालिका वेगळी आहे त्यावरून, कळतं की ही गोव्यातल्या दुकानाची खरेदी आहे आणि दर १८ टक्के आहे.

पण ती पाठवली कशासाठी? नोंदी करून घ्यायला, पैसे द्यायची यादी म्हणून, की आणखी कशासाठी? याचं उत्तर शेवटच्या रकान्यात आहे. ३३३०, ७५६०, १६५६ या नुसत्या बेरजा वाटतात, कारण त्या आधीच्या करांच्या बेरजेइतक्याच आहेत. पण बेरजेला `#N/A` येत नाही. ते येतं व्हीलुकअपला, शोधलेली गोष्ट दुसऱ्या यादीत सापडली नाही की. म्हणजे हा आकडा दुसऱ्या कुठून तरी आणलेला आहे, आणि बिल नंबरावरून आणलेला आहे. आता तक्ता कधी आला ते बघा. पुरवठादारांचं विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, मासिक असेल तर ११ तारखेपर्यंत भरायचं, १४ला आपलं २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होतं, २०ला कर भरायचं आपलं रिटर्न, ३बी, भरायचं. त्या मधल्या दिवसांत दुकानदार बिलांच्या यादीपुढे व्हीलुकअप लावतो तो २बीशी जुळवायलाच.

तारखांचा घोळ वेगळा. आपल्या पद्धतीने वाचलं तर २७च्या ओळींतली, कोल्हापूरच्या पुरवठादाराची बिलं ८ मे, ८ डिसेंबर आणि एक न वाचता येणारी तारीख अशी दिसतात. सप्टेंबरात डिसेंबरचं बिल कुठून येणार? तिसऱ्या तारखेत तिरकी रेघ तशीच राहिली आहे, तीच खूण. पुरवठादाराच्या सॉफ्टवेअरने महिना आधी लिहिला, दुकानदाराच्या एक्सेलला पहिल्या दोन तारखा दिवस-महिना म्हणून पटल्या आणि त्याने त्या आपल्या साच्यात बसवल्या. १९वा महिना नसतो, म्हणून शेवटची जशीच्या तशी सोडली. उलटं वाचा: ५, १२, १९ ऑगस्ट. तिन्ही मंगळवार. कोल्हापूरचा टेम्पो डिचोलीत मंगळवारीच उतरतो हे मला ठाऊक होतंच, पण ते नसतं तरी सात-सात दिवसांचं अंतर पुरेसं होतं.

इथे खिडकीची मर्यादा दिसते. रकान्याला `Date (MDY)` देता येतं, पण ते अख्ख्या रकान्याला लागतं, आणि गोव्याची बिलं तर सरळ आहेत. म्हणून तारखेचा रकाना मी `Text` म्हणून घेते आणि फक्त २७च्या ओळींना शेजारी हे लावते:

```
=DATE(RIGHT(C2,4),LEFT(C2,2),MID(C2,4,2))
```

मधे आडवी रेघ असो की तिरकी, चालतं.

`Trim spaces` हा पर्याय बरेच जण डोळे मिटून चालू ठेवतात. मी पहिल्या फेरीत ठेवत नाही. INV-91 च्या पुढे एक स्पेस आहे, डोळ्याला दिसत नाही. `=LEN(B4)` सहाऐवजी सात सांगतं. बिल २बीत होतं, व्हीलुकअपला मात्र ते स्पेससकट हवं होतं. ट्रिम आधीच चालू असतं तर माझ्याकडे ते बिल मुकाट्याने जुळलं असतं आणि दुकानदाराकडे का जुळत नाही हे मला सांगता आलं नसतं. आणि तोच तर त्याचा प्रश्न होता.

होता, हे मी धरून चालत नाही. काही करायच्या आधी एक ओळ पाठवते: ‘बाब, ऑगस्टची खरेदी २बीशी जुळवायची आहे आणि कोल्हापूरची शेवटची दोन बिलं सापडत नाहीत, असंच ना?’ उत्तर आलं: ‘होय मॅडम, तीच दोन.’ ‘हे काय पाठवलंय?’ असं विचारलं असतं तर संध्याकाळी तोच तक्ता पुन्हा आला असता, या वेळी फोटो काढून.

तक्रारीही आहेत. रकान्यांचे प्रकार खिडकी लक्षात ठेवत नाही, दर वेळी नव्याने निवडावे लागतात. शिफ्ट दाबून अनेक रकाने एकदम धरता येतात हाच काय तो दिलासा. ईमेल तक्त्याच्या रूपात आलं असेल तर साध्या पेस्टला खिडकी उघडतच नाही. तेव्हा `Paste Special` मधून `Unformatted text` घ्यावं लागतं. आणि वाटेत टॅबच्या स्पेस झाल्या असतील तर रिकामे खाने कुठे होते ते कुठलीच खिडकी सांगू शकत नाही. मग फाईलच मागवते.

त्या दोन बिलांपैकी INV-91चं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, त्याच महिन्यात घेतलं. INV-97 खरोखरच २बीत नव्हतं. २०२२पासून २बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे १०८० रुपये बाजूला ठेवले आणि दुकानदाराला बिल नंबर नि तारीख, महिना अक्षरात लिहून, कोल्हापूरला कळवायला सांगितलं.